ईमेलमधलं कारण तपासून बघा

"सल्लागारानेच घ्यायला लावलेला शेअर त्यानेच तोट्यात विकायला लावला, आता ईमेलमध्ये कारणं देतोय. विश्वास ठेवायचा कसा?"

भाव पडला हे कारणच नव्हे, तो तर परिणाम. घेताना दिलेलं कारण कुठे मोडलं, हे ईमेलमध्ये हवं. समजा, 420ला घेतलेले 200 शेअर आठ महिन्यांनी 310ला विकले आणि कारण दिलंय की प्रवर्तकांनी गहाण टाकलेले शेअर वाढले. मग एक्स्चेंजच्या साइटवर कंपनीचा तिमाही शेअरहोल्डिंग पॅटर्न उघडून आकडा स्वतः बघा. तो विक्रीच्या आधीच वाढलेला दिसला, तर माणूस खरं बोलतोय. 'बाजाराची परिस्थिती' एवढंच लिहिलं असेल, तर तो हात झटकतोय.

"टॅक्स वाचेल" या वाक्याला मात्र भुलू नका. तोटा 22,000चा. तो 20 टक्क्यांनी कर लागणाऱ्या अल्पकालीन नफ्यातून वजा केला, तरी वाचणार 4,400 (सेस सोडून). यंदा नफाच नसेल तर तोटा 8 वर्षं पुढे नेता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं तरच. आमच्या इमारतीत निम्मे लोक तिथेच घसरतात.

आणि हो, सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराला तुमच्या संमतीशिवाय विकता येत नाही. ती कधी दिली होतीत, तेही शोधा.