खाड्याला किती पैसे वजा करायचे? मेसच्या भावातली गडबड

वसतिगृहाच्या मेसमध्ये महिनाअखेरीला भांडण होतं ते बहुतेक एकाच गोष्टीवरून. एक जण म्हणतो, "मी दहा दिवस गावी होतो, जेवलोच नाही, तर वीस जेवणांचे पूर्ण पैसे कापा." दुसरा म्हणतो, "मी एकही खाडा केला नाही, तरी माझं बिल मागच्या महिन्यापेक्षा जास्त कसं?" मेस सेक्रेटरी दोघांनाही समजावत बसतो आणि दोघांनाही पटत नाही. माझं मत स्पष्ट आहे. तक्रार दोघांचीही खरी आहे. दर जेवणाचा एकच भाव काढण्याची पद्धत चुकते, आणि ती बदलली नाही तर सेक्रेटरी कितीही प्रामाणिक असला तरी भांडण मिटणार नाही.

आकडे घेऊन बघू. ते उदाहरणापुरते आहेत, तुमच्या मेसचे वेगळे असतील. समजा आचारी, मदतनीस, पोळ्या करणाऱ्या बाया आणि भांडी घासणारा मिळून पगार महिन्याला ८४,००० रुपये. गॅस ३६,०००. म्हणजे १,२०,००० रुपये मेंबर किती आहेत हे न विचारता जाणारच. किराणा, भाजी, दूध, तेल हा खर्च मात्र पानांप्रमाणे चालतो; एका जेवणाला ३२ रुपये धरू. मेंबर १००, रोज दोन जेवणं, महिना ३० दिवसांचा, म्हणजे ६,००० जेवणं. कोठीचा खर्च १,९२,०००, एकूण ३,१२,०००, आणि भागाकार केला की एका जेवणाला ५२ रुपये. मेंबरचं महिन्याचं बिल ३,१२०.

या ५२ मधले ३२ रुपये ताटात पडतात. उरलेले २० रुपये पगार आणि गॅसचे, आणि ते २० हा आकडा फक्त ६,००० जेवणांनाच खरा आहे. मेंबर ८० झाले की तो २५ होतो आणि जेवण ५७ ला पडतं. मेंबर ६० झाले की ३३ होतो आणि जेवण ६५ च्या वर जातं. ताटात काहीही वाढलेलं नाही, तरी राहिलेल्या मेंबरचं बिल ३,१२० वरून ३,९२० होतं. मग त्यातले आणखी काही "बाहेर यापेक्षा स्वस्त पडतं" म्हणून मेस सोडतात, आणि भाव पुन्हा चढतो. अशा वेळी कमिटी आचाऱ्याला बोल लावते किंवा किराण्याचा दुकानदार बदलते. दोघांचाही यात काही दोष नसतो.

आता खाड्याकडे येऊ. १०० पैकी ३० जणांनी प्रत्येकी दहा दिवस खाडा केला. ६०० जेवणं कमी झाली. मेसने ५२ च्या भावाने पैसे वजा केले तर ३१,२०० रुपये परत गेले. पण मेसचे वाचले किती? कोठीतून ६०० जेवणांचा माल निघाला नाही, म्हणजे ३२ च्या हिशेबाने १९,२००. उरलेले १२,००० रुपये कुठेच वाचले नाहीत. आचाऱ्याने त्या दिवसांचाही पूर्ण पगार घेतला आणि शेगडीही तेवढ्याच वेळा पेटली. हे १२,००० तुटीत तरी जातात, नाहीतर महिनाअखेरीला नव्याने भागाकार होऊन भाव ५४ रुपये २२ पैसे निघतो. एकही खाडा न केलेल्याला त्यात १३३ रुपये जास्त पडतात. गावी गेलेल्याच्या पगार-गॅसच्या वाट्यातला काही भाग मेसमध्ये जेवणाऱ्याने उचलला, असा त्याचा सरळ अर्थ.

यावर उपाय म्हणजे बिलाचे दोन भाग करायचे. प्रत्येक मेंबरकडून १,२०० रुपये स्थिर आकार, मग तो महिनाभर जेवो की पंधरा दिवस. त्यावर जेवलेल्या प्रत्येक जेवणाचे ३२ रुपये. पूर्ण महिना जेवणारा १,२०० अधिक १,९२० म्हणजे ३,१२० च भरतो. दहा दिवस खाडा करणारा २,४८० भरतो, म्हणजे त्याचे ६४० वजा होतात, १,०४० नाही. पडताळून पाहा: ७० जणांचे २,१८,४०० आणि ३० जणांचे ७४,४००, मिळून २,९२,८००. त्या महिन्याचा खरा खर्चही १,२०,००० अधिक ५,४०० जेवणांचे १,७२,८००, म्हणजे तेवढाच. तूट नाही आणि कुणाच्या डोक्यावर कुणाचा बोजाही नाही.

"जेवलो नाही त्या दिवसांचे पैसे का द्यायचे?" हा प्रश्न येणारच. पण ते पैसे जेवणाचे नाहीत. परत आल्यावर त्याच दिवशी ताट तयार मिळावं म्हणून स्वयंपाकघर चालू ठेवल्याचे आहेत. ज्याला ते नको असेल त्याने मेंबरशिप सोडावी, तो त्याचा हक्क आहे. महिन्याच्या सुरुवातीलाच ही दोन्ही कलमं बोर्डावर लिहिली तर निम्मा वाद तिथेच संपतो.

खरं कौशल्य लागतं ते हे १,२०,००० आणि ३२ आपल्या मेसच्या वहीतून काढायला. पद्धत सोपी आहे. दोन महिने निवडायचे, एक गर्दीचा आणि एक कमी पानांचा, पण भावात मोठी चढउतार झालेली नसावी आणि कर्मचारी तेवढेच असावेत. सणाची किंवा निरोपाची खास जेवणं दोन्हीतून आधी बाजूला काढायची. समजा एका महिन्यात ६,००० जेवणं आणि खर्च ३,१२,०००. दुसऱ्यात ४,२०० जेवणं आणि खर्च २,५४,४००. फरक १,८०० जेवणांचा आणि ५७,६०० रुपयांचा. भागाकार ३२. हा झाला दर जेवणाचा बदलता खर्च. ६,००० ला ३२ ने गुणून ३,१२,००० मधून वजा केलं की उरले १,२०,०००.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, जेवणांऐवजी मेंबर मोजणं. यादीत १०० नावं असली तरी खाडे धरून पानं ५,४०० असू शकतात. भागाकार पानांचाच हवा. दुसरी चूक जास्त महागात पडते: खपलेल्या मालाऐवजी खरेदीची बिलं धरणं. महिन्याच्या शेवटी १८,००० रुपयांचा तांदूळ आणि तेल आगाऊ भरून ठेवलं, तर खरेदी २,१०,००० दिसते, पण खपलं १,९२,००० चंच. खप म्हणजे सुरुवातीचा शिल्लक माल अधिक खरेदी, त्यातून शेवटचा शिल्लक माल वजा. हे न करता वरचंच गणित मांडलं तर पहिल्या महिन्याचा खर्च ३,३०,००० होतो, फरक ७५,६०० निघतो आणि दर जेवणाचा खर्च थेट ४२ येतो. स्थिर खर्च मग ७८,००० उरतो. चूक पकडायची खूण इथेच आहे: नुसते पगारच ८४,००० आहेत, मग पगार आणि गॅस मिळून ७८,००० कसे असतील? असा आकडा आला की कोठीची मोजदाद पुन्हा करायची. म्हणून महिन्याच्या शेवटच्या रात्री, स्वयंपाक आटोपल्यावर, पोती आणि डबे वजन करून लिहून ठेवायला पर्याय नाही. अंदाजाने "अर्धं पोतं" लिहिलेलं चालत नाही.

गॅस खरंच स्थिर आहे का, अशी शंका बरोबर आहे. पूर्ण स्थिर तो नसतोच. पोळ्या कमी तर भट्टी कमी वेळ पेटते. पण मोठं पातेलं निम्मं भरलं म्हणून गॅस निम्मा होत नाही. पातेलं तापवायचंच असतं आणि उष्णता बाहेरही तेवढीच जाते. तपासायचं तर सिलिंडर बदलल्याची तारीख वहीत टाकत जा. ६,००० जेवणांना १८ आणि ४,२०० जेवणांना १७ लागत असतील तर तो स्थिर धरायला हरकत नाही. १८ चे १३ होत असतील तर मात्र गॅसचा काही भाग जेवणाच्या भावात टाकायला हवा.

खाड्याचे ३२ रुपये वाचतात हे गृहीतही एका अटीवर टिकतं: खाडा आहे हे माल काढायच्या आधी आचाऱ्याला कळलं पाहिजे. कणीक मळून झाल्यावर "आज दहा जण नाहीत" समजलं तर वाचलं काहीच नाही, उलट अन्न टाकावं लागतं. म्हणून दुपारच्या जेवणाचा खाडा आदल्या रात्रीपर्यंत आणि रात्रीचा सकाळी वहीत लिहिलेला असेल तरच धरायचा, असा नियम कडक असलेलाच बरा. वही असूनही आचारी सवयीने शंभराचाच शिधा काढतो आहे का, हेही बघावं लागतं. कमी पानांच्या आठवड्यात काढलेल्या मालाची किंमत पानांनी भागा. ३२ च्या जागी ३६-३७ येऊ लागले तर स्वयंपाक पानांप्रमाणे होत नाहीये. मीठ, हळद, फोडणीचं सामान तंतोतंत कमी होत नाही हे मान्य, पण त्याने चार-पाच रुपयांचा फरक पडत नाही.

स्थिर खर्चालाही मर्यादा आहेत. वरचे १,२०,००० समजा ६० ते १२० मेंबरपर्यंतच खरे आहेत. १२० मेंबरला जेवण ४८ रुपये ६७ पैशांना पडतं. आणखी पाच जण आले आणि पोळ्यांना १२,००० ची आणखी एक बाई ठेवावी लागली, तर तेच जेवण ४९ रुपये ६० पैशांना पडेल. मेंबर वाढले की भाव उतरतो, हा नियम स्थिर खर्च असा एकदम एक पायरी वर चढला की उलटा फिरतो. नवी पायरी चढायची तर पाच नाही, पंधरा-वीस मेंबर एकदम मिळतात का ते आधी पाहावं.

उलट मेस रिकामी असेल तेव्हा बाहेरचे मेंबर घ्यायला कमिट्या उगाच बिचकतात. ६० मेंबर असताना जेवण ६५ ला पडतंय, मग बाहेरच्याला ४५ ला दिलं तर तोटा, असं त्यांना वाटतं. तसं नाही. ४५ मधले ३२ कोठीचे गेले तरी १३ रुपये पगार-गॅसकडे येतात. असे ३० जण महिनाभर जेवले तर २३,४०० रुपये जमतात आणि आतल्या ६० जणांचा स्थिर आकार २,००० वरून १,६१० वर येतो. ३२ च्या खाली मात्र कुणालाही, पाहुण्यालाही, ताट देऊ नये. तिथे प्रत्येक ताटामागे खिशातून पैसे जातात. आणि वसतिगृह भरलं की ही सवलत बंद करायची अट पहिल्याच दिवशी लिहून घ्यावी, नाहीतर बाहेरच्या मेंबरांसाठी पायरी चढायची वेळ येते आणि तिचा खर्च आतल्यांच्या बिलात जातो.