कपाट जरा सरकवता का?

आज ताईसाठी घर बघायला गेलो आणि डोकं फिरवून घेऊन परत आलो. चार भिंती, तीन जुन्या रंगाच्या आणि एकच ताजी, अजून वास येतोय पेंटचा, आणि नेमकं त्याच भिंतीला भलंमोठं कपाट टेकवलेलं. मी विचारलं ओल आहे का, तर ब्रोकर म्हणतो, "छे हो सर, मालक हौशी आहेत." एकाच भिंतीपुरती हौस?

मला ही ट्रिक ओळखता येते कारण मी स्वतः केलीय.

आमचा जुना फ्लॅट विकायला काढला होता तेव्हाची गोष्ट. बेडरूमच्या भिंतीमागे बाथरूम, खाली गुडघ्यापर्यंत पापुद्रे आलेले, पांढरी पूड धरलेली. मी खरवडलं, पुट्टी भरली, दोन हात मारले, झाली भिंत नवी! आठच दिवसांत आमचे ब्रोकरकाका एक जोडपं घेऊन आले. त्यांना घर आवडलं, टोकनची भाषा सुरू झाली. निघता निघता बाईंनी सहज विचारलं, "भिंती कोरड्या आहेत ना?" मी तोंड उघडणार तेवढ्यात काकांनी बोटाच्या पेराने भिंत वाजवली. वर टणक आवाज आला, खाली भदभद. "ही ओली आहे. मागे बाथरूम आहे. वरून रंग दिलाय, टिकणार नाही."

पार्टी गेली. मी काकांना जिन्यात गाठून काय काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. माझं घर, माझा ब्रोकर, आणि बोलतो समोरच्याच्या बाजूने!

ठीक आहे, मान्य, मालकाला आधी बाजूला घेऊन सांगायची पद्धत असते.

पण आता लिहायला बसलोच आहे तर खरं लिहितो, त्यांनी आधी विचारलं होतं. पहिल्याच दिवशी. "ओल-बिल काही?" आणि मी म्हणालो होतो, "अजिबात नाही."

काकांना काढून दुसरा ब्रोकर धरला, गोड बोलणारा. तीन आठवड्यांत भिंतीने परत फुगे धरले. पुट्टी आतलं पाणी थोडीच अडवणार, ते रंगाला मागून ढकलतं आणि सुकताना क्षार पृष्ठभागावर सोडून जातं, तीच ती पांढरी पूड. झटका, पुसा, पाणी येतंय तोवर परत येणार. नवा ब्रोकर म्हणाला, कपाट लावा तिथे. तेव्हा कुठे लाज वाटली राव. काकांना फोन केला.

आले. एक शब्द टोमणा नाही (मी असतो तर मारलाच असता). पारदर्शक प्लास्टिकचा हातभर तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद केला आणि दोन दिवस हात लावू नका म्हणाले. बाहेरच्या बाजूने दव धरलं तर खोलीतल्या हवेचा दमटपणा, आतून थेंब आले तर भिंतीतलं पाणी. आतून आले. मग आठवडाभर ते बाथरूम वापरायचं नाही, पाण्याचा मेन कॉक मात्र चालू ठेवायचा. नवी ओल चढली असती तर पाइपवर संशय, कारण पाइपात पाणी कायम दाबाने असतं. चढली नाही, म्हणजे अंघोळीचं पाणीच कुठूनतरी झिरपत होतं. प्लंबरने फरशी उकरली, नहाणी ट्रॅपच्या कडेचा सांधा सुटलेला निघाला.

आणि पुढचा भाग सगळ्यात जिवावर येणारा. सांधा दुरुस्त झाला म्हणजे भिंत लगेच कोरडी होत नाही. ओलीच्या खुणेच्या फूटभर वरपर्यंत प्लास्टर काढून वीट उघडी ठेवायची, सुकायला महिन्याला साधारण इंचभर धरायचं. आमची भिंत चार इंची. चार महिने थांबलो! बायको रोज त्या उघड्या विटांकडे बघायची आणि मग माझ्याकडे.

नंतर घर काकांनीच विकलं. येणाऱ्या प्रत्येकाला उकरलेल्या फरशीचे फोटो आधी दाखवायचे, मग किचन. एकानेही त्या भिंतीवरून भाव पाडला नाही. भाऊ, दोन मित्र, ऑफिसातले एक साहेब, सगळ्यांना मीच पाठवलं त्यांच्याकडे. सगळेच ब्रोकर तसे नसतात म्हणणाऱ्यांनो, माहितीये मला, नसतात. म्हणूनच तर चिडलोय, मला एक बघायला मिळालाय.

असो. आज त्या घराच्या जिन्यातूनच काकांना फोन लावला. ताईचं बजेट, एरिया, काही विचारलं नाही. म्हणाले, "कपाटाच्या मागे काय आहे? बाथरूम का?"

परत वर जाऊन बघितलं. बाथरूमच. त्या ब्रोकरला म्हटलं कपाट जरा सरकवता का, तर म्हणे चावी मालकाकडे आहे. कपाट सरकवायला चावी लागते, हे मला आजच कळलं.