येतो, दूध घ्यायचंय

कोल्हापुरात बोलणं सुरू करायला काही लागत नाही. "काय, जेवलासा काय?" एवढं पुरतं. अडचण असते ती सुटण्याची, त्यातही समोरच्याला बोलायचंच नसेल तर.

परवा संध्याकाळी रंकाळ्यावर टॉवरजवळ आमच्या जुन्या गल्लीतले अण्णा उभे दिसले. मी उत्साहानं गेलो.

"काय अण्णा, कसं काय?"

"चाललंय."

"पोरगं पुण्यातच?"

"हं."

"यंदा पाऊस काय म्हणतोय?"

अण्णांनी पाण्याकडं बघितलं. पावसानंच काय ते सांगावं, असा त्यांचा चेहरा.

एखादं "हं" मी मनाला लावून घेत नाही. माणूस दमलेला असतो, दाढ दुखत असते. पण तीन प्रश्न झाले तरी उलटा एकही आला नव्हता, आणि त्यांच्या चपलांची तोंडं तळ्याकडं होती.

अशा वेळी "माझं काही चुकलं का?" विचारायची फार हुक्की येते. विचारू नये. मग त्या बिचाऱ्याला आपली समजूत काढत बसावं लागतं. "गडबडीत दिसताय" हेही मी एकदा करून बसलोय. समोरचा "छे छे, बसा की!" म्हणाला आणि दोघेही वीस मिनिटं अडकलो.

शेग्लॉफ आणि सॅक्स या दोन अभ्यासकांनी १९७३ साली लिहून ठेवलंय की निरोप एकदम येत नाही. आधी एकजण नुसतंच "बरं"सारखं काहीतरी म्हणतो, म्हणजे माझं संपलं. दुसऱ्यानंही तसंच काही म्हटलं, नवा विषय काढला नाही, की वाट मोकळी. आमच्या आजीला हे न वाचताच जमायचं.

मी म्हटलं, "बरं..." आणि थांबलो.

"हां," अण्णा म्हणाले. संध्याकाळभरात पहिल्यांदाच आवाजात जीव होता.

"येतो अण्णा. गंगावेशीत कट्ट्यावर दूध घ्यायचंय. पोराला आठवण काढली म्हणून सांगा."

कारण माझं, त्यामुळं अण्णांवर ठपका नाही. शेवटी प्रश्न नाही, म्हणून उत्तराची सक्तीही नाही. "या एकदा घरी" मुद्दाम गिळलं, कारण त्यातून "कधी?" निघतं. आणि "येतो" म्हणतानाच पाऊल उचललं. "येतो" म्हणून तिथंच उभी राहणारी माणसं दुसरा अध्याय सुरू करतात.

इतकं सुरेख जमलं की त्या खुशीत गंगावेस विसरलो आणि तळ्याला फेरी मारायला निघालो. तळं गोल. शालिनी पॅलेसच्या बाजूला समोरून कोण येतंय बघतो, तर अण्णा, उलट्या दिशेनं. पळायला जागा नव्हती.

त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडं बघितलं.

"मिळालं का दूध?"

संध्याकाळभरातला त्यांचा पहिला प्रश्न.