लाल पेनाची खाज

आपल्याकडं ज्युनिअरचं भाषांतर तपासणं म्हणजे लोकांना वाटतं पंख्याखाली बसून टिकमार्क करायचं काम, पण जळगावच्या मे महिन्यात, लाइट गेलेली आणि समोर कोणीतरी 'त्यानंतर' लिहिलेलं आणि आपल्याला तिथं 'तद्नंतर' करायची जबरदस्त खाज सुटलेली, अशा वेळी हात आवरून दाखवा मग बोलू!

तर झालं असं की ठिबकच्या ॲसिड ट्रीटमेंटचं माहितीपत्रक मराठीत करायला आलं होतं. खारट-जड पाण्यानं ड्रिपरच्या तोंडाशी क्षार साचतात, मग पाण्यात ॲसिड सोडून पीएच साधारण ४ पर्यंत खाली आणायचा, क्षार विरघळू द्यायचे आणि नळ्या धुऊन काढायच्या, एवढाच मामला. ड्राफ्ट केला होता चोपड्याच्या एका पोराने, नवीनच लागलेला, स्वतःच्या घरी केळी, त्यामुळे ठिबक त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी ट्रॅक चेंजेस ऑन केलं आणि पहिलं पान संपेस्तोवर सगळं लाल. 'बंद पडतो'चं 'बुजतो' केलं, 'तसेच'चं 'शिवाय', 'वापरा'चं 'वापरावे', आणि प्रत्येक वेळी मला मनापासून वाटत होतं की मी भाषा वाचवतेय.

मग तिसऱ्या पानावर एक वाक्य आलं, 'ॲसिडमध्ये नेहमी सावकाश पाणी मिसळावे.' मुळात आहे नेमकं उलटं, पाण्यात ॲसिड. इंग्रजीत ॲसिडचा शब्द आधी येतो, पाण्याचा नंतर, पोराने त्याच क्रमानं उचललं आणि विभक्ती चुकीच्या शब्दाला चिकटली. वाक्य मराठी म्हणून इतकं गुळगुळीत की कान काही कुरकुरत नाही, मूळ शेजारी उघडं ठेवून वाचलं तरच सापडतं. आणि शेतकऱ्याने तसं केलं तर पाणी पडल्या पडल्या उष्णता निघून ॲसिड उसळून तोंडावर येतं. आता सांगा, हे वाक्य लाल आणि 'तसेच'सुद्धा तेवढंच लाल! चाळीस खुणांच्या गर्दीत त्या पोराला कसं कळणार कुठली खूण डोळा वाचवणारी आणि कुठली नुसती ताईची आवड?

म्हणून सगळं अनडू मारलं आणि नवा कायदा केला, की खूण करायची तर शेजारी कारण लिहायचं. मुळाशी जुळत नाही, व्याकरण चुकलंय, क्लायंटची शब्दयादी मोडलीय किंवा वाचणाऱ्याचा गोंधळ होईल, यातलं काही लिहिता आलं तर ती चूक. 'कानाला बरं वाटत नाही' एवढंच सुचलं तर हात मागे. वांग्याचं भरीत कच्चं राहिलं तर बोलावं, शेंगदाणे कमी पडले म्हणून कोणाचं भरीत फेकून देत नाहीत.

हा कायदा लावला आणि माझ्या 'बुजतो'ला एकही कारण सापडेना. अर्धा तास शोधलं. 'वापरावे'चंही तेच, म्हणजे क्लायंटने स्टाइल गाइडमध्ये 'आज्ञार्थ नको' लिहिलं असतं तर 'वापरा' ही चूक झाली असती, पण गाइडच नव्हती, मग माझं काय चालणार. उलट जे मला आधी किरकोळ वाटलं होतं ते चुकीत गेलं, त्याने लॅटरलला एकदा 'लॅटरल', एकदा 'उपनळी' आणि एकदा 'बाजूची नळी' म्हटलं होतं. तिन्ही शब्द एकेकटे चांगले, पण एका पानावर तिन्ही आले की शेतकरी वावरात तिसरी नळी शोधत फिरणार.

शेवटी कमेंट लिहिली ती अशी, 'गंभीर. मुळात पाण्यात ॲसिड, इथं उलट झालंय. उलट ओतलं तर ॲसिड उसळतं. असं कर : पाण्यात ॲसिड सावकाश ओता, ॲसिडमध्ये पाणी कधीही ओतू नका.' 'तुझं लक्ष कुठं असतं' हे टाइप करून पुसलं, कारण त्याने वाक्य दुरुस्त होत नाही. नळीसाठी दुसरी कमेंट, 'किरकोळ, पण सगळीकडे लॅटरलच ठेव.' आणि आवडीनिवडीतलं एकच ठेवलं, 'तद्नंतर', तेही वर स्पष्ट लिहून, 'ही माझी आवड, घे नाहीतर सोड.' एवढं तरी मला मिळायला नको का!

संध्याकाळी फाइल परत आली. ॲसिडचं वाक्य बरोबर, लॅटरल सगळीकडे लॅटरल, वर त्याने स्वतःच क्लोरीनच्या भागातलं तसलंच एक उलटं वाक्य पकडून दुरुस्त केलेलं. आणि 'तद्नंतर'पुढं उत्तर, 'ताई, सोडलं. कारण लिहू का?'

मी म्हटलं राहू दे भो.