बोर्ड गेला, कोपर राहिलं: एका रिव्ह्यूला उत्तर

★★ «अंतरपाट दूर होतानाच्या फोटोत निळ्या शर्टातले एक पाहुणे मोबाइल उंच धरून मध्येच उभे आहेत, आणि मागे 'भोजन कक्ष' असा हिरव्या दिव्यांचा बोर्ड. दोन्ही काढा म्हणून पत्र दिलं. तीन आठवड्यांनी बोर्ड गेला, पाहुणे अर्धेच गेले. फोनवर हे दोन मिनिटांत होतं!»

ताई, पत्र मिळाल्याचं कळवायलाच आम्ही आठ दिवस लावले, त्याबद्दल माफी. सिलेक्शनचे फोटोही व्हॉट्सॲपवर पाठवले, तिथे ते लहान होतात. तो बोर्ड तेव्हा माझ्याच नजरेतून सुटला. गंगापूर रोडच्या लॉन्सवर इतकी लग्नं करूनही!

बोर्डामागे साधं पांढरं कापड होतं. शेजारच्या चुण्या घेऊन तो झाकायला अर्धा तास पुरला. पण त्याचा हिरवा उजेड तुमच्या गालावर आणि मुंडावळ्यांच्या मोत्यांवर राहिला होता. बोर्डच नाही, मग मोती हिरवे कशाने? तो रंग एकेका मोत्यावरून उतरवला, आणि शालूचा हिरवा काठ मात्र तसाच राहू दिला. वेळ खरा तिथे गेला.

काकांचं तसं नाही. त्यांचं डोकं आणि पाठ घालवता आली, कारण मुहूर्ताआधी डेकोरेशनचा रिकामा फोटो काढून ठेवला होता. तो फार स्पष्ट होता, म्हणून मागच्या फुलांइतका धूसर करून बसवला. कोपर मात्र तुमच्या खांद्यापुढे आणि हातातल्या अर्ध्या हारापुढे येतं. त्यामागचं कॅमेऱ्याने टिपलेलंच नाही. त्या क्षणाचे सलग 11 फोटो आहेत, पण मोबाइलवर व्हिडिओ घेणारा माणूस जागचा हलत नाही, त्यामुळे अकराही फोटोंत कोपर तिथेच. फोनवर पुसलेलं फोनच्या स्क्रीनवर छान दिसतं. अल्बमच्या 36 इंची पानावर हाराच्या जागी पांढरा गोळा दिसेल आणि खांदा दुसऱ्याच कुणाचा वाटेल.

आमच्या व्हिडिओवाल्याला पलीकडून तुमचा खांदा आणि हार पूर्ण दिसत होता. पण त्या फ्रेमची रुंदी 1,920 पिक्सेल, आणि 36 इंची पानाला 10,800 लागतात. साडेपाच पट ताणली तर चेहरे विरघळतात. सहा इंच रुंदीचा फोटो मात्र तिच्यातून स्वच्छ निघतो.

म्हणून मला असं वाटतं: मोठ्या पानावर चार सेकंदांनंतरचा फोटो घ्यावा. हार नवरदेवाच्या गळ्यात पडलाय, काकांनी हात खाली घेतलाय आणि तुम्ही हसताय. अंतरपाटाचा क्षण त्याच पानाच्या कोपऱ्यात सहा इंचात बसवू. दोन्हींचे नमुने या वेळी मूळ आकारात पाठवतो, एकदा लॅपटॉपवर बघा. पान नव्याने छापायचा खर्च आमचा.

आणि ते काका कोण, तेवढं सासरी विचारून घ्या. मागे एका अल्बममधून असेच एक पाहुणे पुसले होते, ते नवरदेवाचे सख्खे मामा निघाले.