ज्याच्यावाचून अडतं, तिथे काहीतरी बिघडलेलं असतं

«सुट्टीतही ऑफिसचा फोन उचलतो, तोच खरा माणूस. १) ज्याच्यावाचून ऑफिस अडतं, त्यालाच किंमत असते. २) दोन मिनिटांच्या फोनने सुट्टी बुडत नाही. ३) पगार महिन्याचा घेता, तर महिन्याचे तीसही दिवस कंपनीचे. ४) परदेशात फोन बंद ठेवायचे कायदे झाले, म्हणून ते लोक मागे पडले. पटलं तर पुढे पाठवा.»

हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर तीनदा आला, तेव्हा मी गप्प बसलो. परवा माझ्या भाच्याने तो स्वतःच्या स्टेटसला लावला, आणि आता मला गप्प बसवत नाही. कारण याच पोराला या जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत, अंगात बाराबंदी घालून, एका कानावर हात दाबून फोनवर ओरडताना मी पाहिलं आहे.

मी बँकेत ३४ वर्षं काढली. त्यातली शेवटची नऊ वर्षं शाखांची तपासणी करण्यात गेली. त्यामुळे पहिल्याच मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

रिझर्व्ह बँकेने ९ जुलै २०२१ ला बँकांसाठी एक परिपत्रक काढलं. ट्रेझरी, करन्सी चेस्ट अशा नाजूक जागांवर बसणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा सलग किमान १० कामाचे दिवस सक्तीने रजेवर पाठवायचं. तेही अचानक, आधी कळू न देता. आणि त्या दिवसांत त्याच्या कामाशी संबंधित कोणत्याही गोष्टीला त्याचा हात लागता कामा नये, ना प्रत्यक्ष, ना ऑनलाइन. सगळ्यांना असते ती साधी ऑफिसची ईमेल तेवढी सोडली आहे. हे कर्मचाऱ्याचे लाड करायला लिहिलेलं नाही. एकाच माणसाच्या हातात सगळं राहिलं की चूक आणि लबाडी दोन्ही झाकली जातात, आणि त्याच्या खुर्चीवर दुसरा बसला की ती वर येते, म्हणून लिहिलं आहे.

पंजाब नॅशनल बँकेचं मुंबईतल्या ब्रॅडी हाऊस शाखेचं प्रकरण आठवा. आरोप असलेला अधिकारी वर्षानुवर्षं त्याच शाखेत, त्याच कामावर होता. तो निवृत्त झाला, आणि जानेवारी २०१८ मध्ये नीरव मोदीच्या कंपन्या नवी हमीपत्रं मागायला आल्या तेव्हा नव्या लोकांनी नेहमीच्या पद्धतीने मार्जिनचे, म्हणजे हमीपोटी आधी ठेवायचे पैसे मागितले. «आधी तर कधी मागितले नव्हते,» असं उत्तर आलं. तिथून नोंदी शोधल्या, तर नोंदीच नव्हत्या. आकडा पुढे १३,००० कोटींच्या वर गेला. म्हणून तपासणीला गेल्यावर «हे फक्त साहेबांनाच माहीत, ते रजेवर आहेत, फोन लावू का?» असं कुणी म्हटलं, की आम्ही त्या टेबलाचे कागद सगळ्यात आधी काढायचो. नव्वद टक्के वेळा तिथे लबाडी नसायची, हेही सांगतो. असायचा तो नुसता गलथानपणा, आणि त्याखाली चेपलेला एक माणूस.

माझा भाचा तसाच चेपला आहे. तो अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतो. ११ तारखेचं जीएसटी रिटर्न भरून तो रजेवर गेला होता, काम अर्धवट टाकून नव्हे. अक्षता सोहळ्याच्या दिवशी दुपारी संमती कट्ट्याजवळ नंदीध्वजांची वाट बघत उभा होता. तिकडे कारखान्याच्या गेटवर माल भरलेला ट्रक उभा. माल परराज्यात जायचा, किंमत ५०,००० च्या वर, म्हणजे सरकारी पोर्टलवर काढलेल्या ई-वे बिलाशिवाय गाडी हलत नाही. बिल करायला डिस्पॅचच्या पोराने भाच्याच्याच नावाने लॉगिन केलं. पासवर्ड टेबलाच्या काचेखाली चिकटवलेला. पण १ एप्रिल २०२५ पासून या पोर्टलवर नुसता पासवर्ड चालत नाही, ओटीपी लागतो, आणि ओटीपी जातो नोंदवलेल्या मोबाइलवर. मोबाइल भाच्याच्या खिशात, आणि त्या गर्दीत नेटवर्क मेलेलं. एक ओटीपी आला तो मुदत संपल्यावर. मग पुन्हा, मग पुन्हा. शेवटी तो गर्दीतून वाट काढत पार्क चौकापर्यंत आला, तिथे रेंज मिळाली. ट्रक तीन तासांनी सुटला आणि अक्षता पडल्या तेव्हा हा तिथे नव्हताच.

यात भाच्याची कोणती किंमत दिसली? अडला होता तो सहा आकड्यांवाचून. उद्या त्याचा मोबाइल हरवला तरी कारखाना असाच अडेल.

आणि उपाय त्याच पोर्टलवर आहे. ewaybillgst.gov.in वर मुख्य लॉगिनने गेलं की `User Management` मध्ये `Create Sub User` असतं. तिथे डिस्पॅचच्या पोराचं नाव आणि त्याचा स्वतःचा मोबाइल टाकायचा, आणि बिल तयार करण्यापुरतेच अधिकार द्यायचे. मग त्याचा ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येतो. शिवाय कोणतं बिल कुणी केलं हे नावानिशी राहतं, जे काचेखालच्या पासवर्डने कधीच राहत नाही. पोरगा नोकरी सोडून गेला तर ते खातं गोठवण्याची सोयही तिथेच आहे.

दुसऱ्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने कबूल करतो. कपाटाची किल्ली कुठे ठेवली, हे विचारायला खरंच दोन मिनिटं लागतात आणि कुणाचं काही जात नाही. पण रजेतला फोन असा क्वचितच असतो. दोन मिनिटं बोलायला लागतात, पण फोन कधी येईल या धास्तीने माणूस दिवसभर हातात मोबाइल धरून बसतो. ताई सांगत होती, त्या चार दिवसांत त्याने जेवताना एकदाही फोन उलटा ठेवला नाही. किल्लीसारखे प्रश्न राहणारच असतील तर एकच माणूस आणि एकच वेळ ठरवा, सकाळी दहाला पाच मिनिटं. बाकीच्यांनी त्या एका माणसाला विचारावं.

तिसऱ्यावर फार लिहीत नाही. पगारी रजा ही मालकाची मेहेरबानी नाही. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात केलेल्या दर २० दिवसांच्या कामामागे १ दिवस, असा हिशेब आहे. ती आधी कमावलेली असते.

चौथा मुद्दा लिहिणाऱ्याने ते कायदे वाचलेलेच नाहीत. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून जो हक्क आला, त्यात मालकाला फोन करायला बंदी नाही. कामाच्या वेळेबाहेर तो न उचलण्याची मुभा माणसाला आहे, आणि न उचलणं अवाजवी ठरलं तर तीही नाही. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत असं खासगी विधेयक मांडलं आहे, पण त्याचा कायदा झालेला नाही. तेव्हा «आता साहेबाला दंड होणार» म्हणून जो दुसरा मेसेज फिरतो, तोही कृपा करून पुढे पाठवू नका.

गेल्या रविवारी मी भाच्याला घरी बसवलं आणि मालकांना विचारून ते सब-युजर खातं उघडायला लावलं. पण खातं उघडलं म्हणजे चार्ज दिला असं मी मानत नाही. बँकेत आम्ही रजेआधीच बघायचो की दुसऱ्याच्या हातून काम होतं का. म्हणून सोमवारी भाच्याने कारखान्यातच बसून दुपारी बारा ते चार मोबाइल बंद ठेवला. दोन गाड्या सुटल्या. तिसरी अडली, कारण वाटेत गाडी बदलली तर नवा नंबर बिलात कुठे भरायचा हे पोराला माहीत नव्हतं. ते भाच्याने वहीत लिहून दिलं. पुढच्या सोमवारी पुन्हा मोबाइल बंद ठेवणार आहे.