अक्षरी रुपये

आमच्या दूध संस्थेत महिन्याला चाळीसेक चेक निघतात, पेंडवाला, डिझेलवाला, डॉक्टर, वगैरे. सगळे हाताने लिहायचे, आणि हात माझा. मागच्या वर्षी प्रिंटर घेतला तेव्हा मीच शहाणपणा केला आणि म्हणालो अण्णा, चेक आता एक्सेलमधून छापू. अण्णा म्हणजे चेअरमन, रिटायर्ड हेडमास्तर. ते म्हणाले छाप की, पण अक्षरी रक्कम मराठीतच पाहिजे. मी म्हटलं त्यात काय मोठं.

तर मोठं हे आहे की मराठीत एक ते शंभर आकड्यांना नियम नाही. इंग्रजीत एक ते एकोणीस आणि वरचे दहाचे आठ असे सत्तावीस शब्द पाठ केले की नव्याण्णवपर्यंतचं काम संपलं, ट्वेंटीला वन जोडा, थर्टीला वन जोडा. आपल्याकडे एका सहाचंच बघा. सोळा, सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर, शहाऐंशी, शहाण्णव. एकच सहा आहे पण प्रत्येक दशकात वेगळा शर्ट घालून येतो. याचा फॉर्म्युला कोण करणार? म्हणून टेबल. शून्य ते नव्याण्णव, शंभर ओळी, एकेक हाताने टाइप करायच्या.

(2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसऐवजी वीस एक असं वाचन आलं तेव्हा मी चहाच्या टपरीवर त्याच्या विरोधात तावातावाने बोललो होतो. टेबल टाइप करताना साठच्या घरात आल्यावर मला त्या पुस्तकाबद्दल एकदम माया वाटायला लागली.)

पहिल्यांदा टेबल मॅक्रोमध्येच लिहायला गेलो. एक्सेलच्या मॅक्रो एडिटरला देवनागरी कळत नाही, मी पेस्ट करतोय त्रेसष्ट आणि तिथे दिसतंय `????`. शंभर ओळी प्रश्नचिन्हं. मग मॅक्रो सोडून दिला आणि वेगळ्या शीटवर उभा कॉलम केला, सेलमध्ये मराठी व्यवस्थित बसतं. कॉलमला नाव दिलं `Shabda`, आणि रकमेचे तुकडे असे पाडले:

```
लाख   =INT(A2/100000)
हजार  =MOD(INT(A2/1000),100)
शे    =MOD(INT(A2/100),10)
बाकी  =MOD(INT(A2),100)
```

कोटीचा तुकडा केलाच नाही, आमच्या संस्थेला तेवढा विश्वास आहे स्वतःवर. प्रत्येक तुकडा टेबलात शोधायचा `=INDEX(Shabda, B2+1)` असा. अधिक एक का, तर टेबलाची पहिली ओळ शून्याची आहे, म्हणजे एक दुसऱ्या ओळीवर, दोन तिसऱ्या ओळीवर. हे अधिक एक लक्षात ठेवा, पुढे रडायचंय.

टेबल आईला वाचायला दिलं. आई चौथी पास पण तिचे पाढे पक्के. एकोणनव्वद ओळींवर तिची मान हलत राहिली आणि मग थांबली, म्हणाली, "अरे एकोणऐंशी दोनदा आलंय." एकोणनव्वदच्या जागी मी परत एकोणऐंशीच ठोकलं होतं. म्हणजे 89 रुपयांचे अक्षरी 79 झाले असते. तिने सांगितलेला उपाय मात्र एक नंबर होता, म्हणाली नऊवाल्या ओळीत पुढच्या ओळीचा शब्द घे आणि मागे एकोण लाव, जुळलं पाहिजे. ती तपासणी मी फॉर्म्युल्यातच टाकली. एकोणतीसपासून एकोणनव्वदपर्यंत सातही जुळतात, फक्त दोन बंडखोर, एकोणीस (एकोणवीस नाही) आणि नव्याण्णव. एकोणशंभर का नाही म्हणून आईला विचारलं तर म्हणाली, "पीठ मळायचंय मला."

मग ट्रायल. कोऱ्या कागदावर 1,00,000 छापले, आलं "एक लाख शून्य हजार शून्यशे शून्य रुपये फक्त". चेक कमी आणि दिवाळखोरीची नोटीस जास्त वाटत होती. शिवाय नुसत्या शंभरालाही "एकशे". शंभरासाठी वेगळी अट घातली, की शेकडा एक आणि बाकी शून्य असेल तर शंभर, नाहीतर एकशे, म्हणजे पंधरा हजार शंभर पण पंधरा हजार एकशे पाच. हे बरोबर झालं. शून्याचं मात्र मी जे केलं ते कुणाला सांगत नाही, तुम्हाला सांगतो. शून्याचा शब्द दिसायला नको ना, मग शून्याची ओळच डिलीट केली. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. सकाळी परत ट्रायल न घेता पेंडवाल्याचं बिल छापलं.

बिल होतं 1,53,489.28. आकड्यात तेवढंच छापलं. अक्षरी छापलं "दोन लाख चोपन्न हजार पाचशे नव्वद". ओळ गेली पण अधिक एक तसंच राहिलं, त्यामुळे प्रत्येक शब्द एक घर पुढे सरकला. अण्णांनी आकडे बघून सही मारली. आयुष्यभर पोरांना प्रश्न नीट वाचा म्हणून सांगणारा माणूस.

पेंडवाल्याचा फोन आला. आवाजात फार माया. "साहेब, चेक मिळाला. काही चुकलं असेल तर राहू द्या, आम्ही काय परके आहोत का." त्याच्या भाच्याने वकिलीचं पहिलं वर्ष केलंय, त्याने सांगितलं होतं म्हणे की 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम 18 प्रमाणे आकडा आणि अक्षर वेगळं असेल तर अक्षर धरायचं. आणि कलम खरंच तसंच आहे, मी बघितलं, घाम फुटला. लाखभर रुपयांची पेंड आमच्या म्हशींनी न खाताच आमच्या अंगावर. वाचवलं बँकेने. कायदा काहीही म्हणो, काउंटरवर असला चेक पास करत नाहीत, "आकडी व अक्षरी रक्कम भिन्न" म्हणून परत पाठवतात. पहिल्यांदाच मी चेक परत आल्याचे पेढे वाटायच्या बेतात होतो.

शून्याची ओळ परत घातली, आणि तुकडा शून्य असेल तर तो शब्दच घ्यायचा नाही अशी `IF` लावली. जे आधीच करायला हवं होतं. दुसरा चेक छापला, या वेळी मी बोट ठेवून वाचला, एक लाख त्रेपन्न हजार चारशे एकोणनव्वद, वा. पुढे पैसे. सत्तावीस.

आकड्यात अठ्ठावीस, अक्षरात सत्तावीस. पैशाचा सेल उघडून बघितला तर तिथे चक्क 28.00 दिसतंय! पण त्या सेलमध्ये नुसतं `=(A2-INT(A2))*100` होतं, पूर्णांक काढायला INT मी शब्द शोधणाऱ्या फॉर्म्युल्यात लावलेलं, आणि कॉम्प्युटरच्या पोटात .28 हे पूर्ण .28 नसतंच, वजाबाकी करून शंभराने गुणलं की येतं 27.9999999998836. सेल ते गोल करून 28 दाखवतो, पण INT गोल करत नाही, दशांशाच्या मागचं सगळं कापून टाकतो. INT काढून `ROUND(...,0)` घातलं तेव्हा कुठे अठ्ठावीस आले. तोपर्यंत चेक कॅन्सल, चेकबुकातलं दुसरं पान वाया.

तिसरा चेक अचूक आला. मी स्वतः मोटरसायकलवर नेऊन दिला. पेंडवाल्याने चष्मा लावून आधी अक्षरं वाचली, मग आकडे, मग परत अक्षरं, पाठीमागची बाजूपण बघितली, आणि जरा हिरमुसून म्हणाला, "पुढच्या वेळी ऑनलाइन टाका ना साहेब, अकाउंट नंबर देतो. त्यात अक्षरी लिहायचं नसतं."